डोंगर म्हणजे अपनती आणि दरी म्हणजे अभिनती, असे नाशिककडे म्हणता येईल का?

कळवणकर

नमस्कार मंडळी. पाणीपुरवठ्याच्या कामात आयुष्य घालवून निवृत्त झालो आहे. आता गुडघे परवानगी देतील तितके डोंगर चढतो आणि उरलेला वेळ उपग्रहचित्रे पाहण्यात घालवतो. गेल्या महिन्यात चांदवडच्या बाजूचा एक डोंगर वरून पाहताना त्याच्याभोवती एकात एक बसवलेल्या कड्यांसारखे पट्टे दिसले. काळा कडा, मग फिकट उतार, त्याखाली तांबूस रेघ, पुन्हा काळा कडा. डोंगराच्या सोंडेशी हे पट्टे बाहेर वळतात आणि घळीशी आत शिरतात.

शाळेत असताना भूगोलाच्या पुस्तकात वलीचे चित्र होते, त्यात वर फुगलेला भाग अपनती आणि खाली खचलेला भाग अभिनती असे दाखवले होते. तेव्हा हा डोंगर म्हणजे अपनती आणि शेजारची दरी म्हणजे अभिनती असे समजावे काय? आणि आकृतीत दाखवतात तसा जमिनीचा उभा छेद प्रत्यक्षात कोणालाच दिसत नसताना, केवळ उघडे पडलेले खडक पाहून वली ओळखतात तरी कशी?

सह्यवेडा

काका, माझ्या मते तुमचा अंदाज बरोबर आहे. आपल्याकडच्या खडकात वली नाहीत असे सरसकट म्हणणारे लोक पनवेलजवळचा लाव्हाचा कललेला पट्टा विसरतात. शिवाय लाव्हाच्या पाठीवर दोरखंडासारख्या सुरकुत्या मी स्वतः हात लावून पाहिल्या आहेत, त्याही वलीच की. वर उचलले गेले तो डोंगर झाला, खाली दबले ती दरी झाली. नियम साधा आहे.

खडूफळा

सह्यवेडा, नियम इतका साधा नाही. मी सव्वीस वर्षे नववी-दहावीला भूगोल शिकवला आणि ते चित्र फळ्यावर शेकडो वेळा काढले, म्हणून त्यातला दोष मला ठाऊक आहे. ते चित्र झीज होण्याआधीचे असते. प्रत्यक्षात अपनतीचा माथा कापला जातो आणि आत झाकलेला जुना थर मधोमध उघडा पडतो, तर अभिनतीत सर्वांत नवा थर मध्यभागी शिल्लक राहतो. म्हणून उंचसखलपणा पाहू नये, खडकाचे वय पाहावे. मध्ये जुना आणि दोन्ही बाजूंना नवा असेल तर अपनती. मध्ये नवा आणि दोन्ही बाजूंना जुना असेल तर अभिनती. कळवणकर, तुमच्या डोंगरावर माथ्याचा थर सर्वांत नवा असणार, म्हणजे या नियमाने तो उलट अभिनती ठरतो!

मीनाक्षी_भू

सर, नियम तुम्ही बरोबर सांगितला, पण तो एकटा वापरला तर फसवतो आणि नाशिकमध्ये तर हमखास फसवतो. गोदावरीच्या खोऱ्यात दक्षिणोत्तर चालत गेलात तर काठाशी लाव्हाचे जुने थर आणि दोन्ही बाजूंच्या डोंगरांवर त्यांच्यापेक्षा नवे थर दिसतील. तुमच्या नियमाने गोदावरीचे अख्खे खोरे अपनती ठरेल आणि दोन्हीकडचे डोंगर अभिनती ठरतील. प्रत्यक्षात तेथे काहीही वाकलेले नाही. थर आडवे आहेत आणि नदीने ते कापले आहेत, इतकेच.

नकाशावर ‘नवा, जुना, नवा’ अशी आरशासारखी पुनरावृत्ती दोन अगदी वेगळ्या कारणांनी होते. एकदा थर वाकल्यामुळे आणि एकदा जमीन खोदली गेल्यामुळे. या दोहोंतला फरक थराचा कल सांगतो. सपाट जमीन ओलांडतानाही पुनरावृत्ती दिसत असेल आणि मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना थर विरुद्ध दिशांना कलत असतील, तरच वलीचा विचार सुरू करावा.

कळवणकर काका, तुम्ही वर्णन केलेले पट्टे सोंडेशी बाहेर आणि घळीशी आत वळतात, म्हणजे ते समोच्च रेषांसारखे वागत आहेत. आडव्या थराची हीच खूण. याची परीक्षा तुम्हाला घरबसल्या घेता येईल. एकच तांबूस रेघ धरा, डोंगराभोवती दहा-बारा ठिकाणी तिच्यावर टिचकी मारून समुद्रसपाटीपासूनची उंची लिहून काढा. थर एक अंशाने जरी कलला असेल तरी एक किलोमीटर अंतरात सुमारे साडेसतरा मीटरचा फरक पडतो, आणि तो एकाच दिशेने वाढत जायला हवा. फरक विखुरलेला असेल तर ती उपग्रहाच्या उंचीमोजणीची चूक समजा.

सह्यवेडा, दोरखंडी सुरकुत्या या खऱ्याच घड्या आहेत, पण त्या वाहत्या लाव्हाच्या सायीवर पडलेल्या असतात. खालचा प्रवाह पुढे सरकतो आणि वरची अर्धवट गोठलेली साय दुमडते. त्या वितीत मोजाव्यात, नकाशावर त्यांचा मागमूस राहत नाही.

दिंडोरीचा बागाईतदार

विषय चांगला आहे, माझेही एक गाऱ्हाणे मांडतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या द्राक्षबागेत बोअर घेताना जागा दाखवणाऱ्या गृहस्थांनी सांगितले की तुमच्या शेताखाली सिंक्लाइन, म्हणजे अभिनती आहे, ताटलीसारखा खळगा, पाणी तेथे साठणारच. चारशे फूट गेलो, धूळ निघाली. आता मीनाक्षीताई म्हणतात की इकडे काही वाकलेलेच नाही. मग तो खळगा आला कोठून?

मीनाक्षी_भू

दादा, खळगा त्यांच्या बोलण्यातच होता. थर वाकलेले असलेल्या प्रदेशात, वाळूखडकाचा थर चिकणखडकाच्या दोन थरांमध्ये सापडून ताटलीसारखा वाकला असेल, तर अभिनतीत पाणी दाबाखाली साठते हे खरे. आपल्या काळ्या पाषाणात पाणी कुजलेल्या पट्ट्यात, लाव्हाच्या थराच्या वरच्या सच्छिद्र भागात आणि भेगांत असते. पुढच्या वेळी कोणी सिंक्लाइन म्हणाले, तर दोन्ही बाजूंचा कल कोठे आणि किती अंश मोजला, एवढेच विचारा.

सह्यवेडा

सुरकुत्यांचे मान्य केले. पनवेलचे मात्र सोडणार नाही. तेथे थर पश्चिमेकडे कलतात, हे तर सगळेच सांगतात.

मीनाक्षी_भू

सांगतात आणि बरोबर सांगतात. पण ते एकाच बाजूला कलतात. दुसरी भुजाच नाही, त्यामुळे ती अपनतीही नाही आणि अभिनतीही नाही. पायरीवरून सतरंजी घसरावी तसा तो एकतर्फी वाक आहे. तो सलग वाकला आहे की भ्रंशांनी कापलेले तुकडे एकामागे एक कलून वाकल्यासारखे दिसतात, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. मी स्वतः दुसऱ्या मताकडे झुकते, पण पैज लावणार नाही.

कळवणकर

उंचीची परीक्षा घेतो. पण ताई, ‘हे वली नाही’ हे समजले, तरी ‘हे वली आहे’ कसे म्हणायचे ते राहिलेच. एखादे उदाहरण आकड्यांसह सोडवून दाखवाल का? अभियंत्याला आकड्यांशिवाय झोप लागत नाही.

मीनाक्षी_भू

काका, नव्याने रुजू होणाऱ्या मुलांना मी जो सराव देत असे तोच मांडते. कागद-पेन्सिल घेऊन बसा.

सपाट माळरान आहे, म्हणजे डोंगरदऱ्यांची फसवणूक नाही. तुम्ही पश्चिमेकडून पूर्वेकडे चालत आहात. आधी चिकणखडक लागतो, मग चुनखडक, मग बराच वेळ वाळूखडक, मग पुन्हा चुनखडक आणि शेवटी चिकणखडक. पश्चिमेकडच्या चुनखडकाचा पट्टा २०० मीटर रुंद आहे आणि तो पश्चिमेकडे ३० अंशांनी कलतो. पूर्वेकडचा पट्टा ११५ मीटर रुंद आहे आणि तो पूर्वेकडे ६० अंशांनी कलतो.

पहिला प्रश्न असा की हे दोन पट्टे एकाच थराचे आहेत का? रुंदी वेगळी आहे म्हणून घाईने ‘नाही’ म्हणू नका. सपाट जमिनीवर दिसणारी रुंदी म्हणजे थराची जाडी भागिले कलाच्या कोनाची ज्या, म्हणजे साइन. उलट गुणाकार केला की जाडी मिळते. २०० गुणिले ज्या ३० म्हणजे १०० मीटर, आणि ११५ गुणिले ज्या ६० म्हणजे पुन्हा जवळजवळ १०० मीटर. जाडी जुळली. खडकाचा पोत आणि त्यातले जीवाश्मही जुळत असतील तर थर एकच आहे असे मानायला हरकत नाही.

दुसरा प्रश्न वलीच्या प्रकाराचा. मधल्या वाळूखडकापासून दोन्ही पट्टे दूर कलतात, म्हणजे चुनखडक वाळूखडकावरून छपरासारखा गेला होता आणि छप्पर झिजून गेले. ही अपनती, आणि थर उलटलेले नाहीत असे धरले तर वाळूखडक सर्वांत जुना. पूर्वेची बाजू अधिक उभी असल्यामुळे अपनती पूर्वेकडे झुकलेली आहे. दोन भुजांमधला कोन ९० अंश येतो, आणि तो बरोबर दुभागणारे अक्षतल पश्चिमेकडे ७५ अंशांनी कलते. यावरून दाब साधारण पूर्व-पश्चिम दिशेत बसला असावा, असा अंदाज बांधता येतो.

आता उत्तरेकडे चला. काही अंतर दोन्ही पट्टे समांतर जातात, म्हणजे वलीचा कणा, थर जिच्यावर सर्वांत जास्त वाकतो ती रेषा, तेथे आडवा आहे. पुढे वाळूखडकाचा पट्टा निमुळता होत संपतो आणि चुनखडकाचे दोन्ही पट्टे एकमेकांना मिळून नाकासारखे वळण घेतात. कणा उत्तरेकडे जमिनीत बुडू लागल्याची ही खूण. त्या नाकाच्या टोकावर कल मोजला तर तो उत्तरेकडे २० अंश भरतो, आणि हाच कणा बुडण्याचा कोन. अपनतीचे नाक ज्या दिशेला रोखलेले असते, त्याच दिशेला ती बुडते. अभिनतीचे याच्या उलट. तिचे मिटलेले टोक मागे राहते आणि उघडी बाजू बुडण्याच्या दिशेला असते. माझ्या हाताखालच्या निम्म्या मुलांचा गोंधळ येथेच होत असे.

सह्यवेडा

मी ताबडतोब एक जुना नकाशा काढून पाहिला. त्यात नाकाजवळ चुनखडकाचा पट्टा खूपच रुंद होतो. म्हणजे वाकताना तेथे खडक गोळा होऊन थर जाड झाला, बरोबर ना?

मीनाक्षी_भू

कधी कधी खरोखरच जाड होतो, पण आधी हिशेब करा. वरच्याच उदाहरणात नाकाशी कल २० अंश आहे. १०० मीटर जाडीचा थर तेथे १०० भागिले ज्या २०, म्हणजे सुमारे २९२ मीटर रुंद दिसेल. जाडी एका मीटरनेही वाढलेली नाही. थर जितका झोपलेला, तितका पट्टा रुंद. हिशेबापेक्षा जास्त रुंदी उरली, तरच थर जाड झाल्याची शंका घ्यावी.

नागपूरची संत्री

मीनाक्षीताईंचे माळरान फारच सभ्य आहे. आमच्याकडे या, मनसर-रामटेकच्या बाजूला. मी मँगनीजच्या पट्ट्यात नवखा असताना खनिजाचे दोन समांतर पट्टे पाहिले, दोन्ही एकाच दिशेला आणि जवळपास सारख्याच कोनात कलणारे. विरुद्ध कल नाही म्हणजे वली नाही, दोन स्वतंत्र थर आहेत, असे समजून मी साठ्याचा अंदाज थाटात दुप्पट लिहिला. वरिष्ठांनी वही परत केली आणि पुन्हा चालून या म्हणाले.

वली इतकी घट्ट मिटली होती आणि एका बाजूला आडवी झाली होती की दोन्ही भुजा एकाच दिशेला कलत होत्या. पुन्हा चालताना मला मोठा कल बाजूला ठेवून बारीक वली पाहायला सांगितले होते. एका पट्ट्याजवळच्या वीतभर वली इंग्रजी एस अक्षरासारख्या होत्या, दुसऱ्याजवळच्या झेडसारख्या, आणि मध्ये एका ठिकाणी एमसारख्या. एस कोठे संपतो आणि झेड कोठे सुरू होतो, त्याच्या मधून मोठ्या वलीचा कणा जातो. खनिजाचा थर एकच होता, दुमडलेला.

खडूफळा

मग ती अपनती होती की अभिनती? दोन्ही बाजू एकाच दिशेला कलतात म्हटल्यावर ‘दूर कलणे’ आणि ‘जवळ कलणे’ यांना अर्थ उरत नाही.

नागपूरची संत्री

सर, मर्मावर बोट ठेवलेत. त्यासाठी थराची मूळ वरची बाजू कोणती, ते कळावे लागते. वाळूखडकात तिरप्या स्तरांची वरची टोके कापलेली असतात, किंवा थरात खाली जाड आणि वर बारीक कण असतात, त्यावरून ते कळते. आमच्या खडकांचे इतके रूपांतर झाले आहे की या खुणा बहुतेक ठिकाणी पुसल्या गेल्या. त्यामुळे कमानीसारख्या आकाराला आम्ही नुसते अँटिफॉर्म म्हणतो आणि वयाबद्दल गप्प बसतो. त्या विशिष्ट वलीबद्दल मी आजही गप्पच आहे.

रोहिणी_सिडको

मी भूशास्त्राची नाही, पण एक शंका सतावते आहे. दगड वाकतो कसा? आमच्या ओट्याचा ग्रॅनाइट उतरवताना जरासा कलला आणि ताडकन मोडला. वलीतला खडक आधी वितळतो काय?

मीनाक्षी_भू

रोहिणी, वितळत नाही, आणि वितळला असता तर थर उरलेच नसते. तुमचा ओटा थंड होता, त्याला चारही बाजूंनी कोणी दाबून धरले नव्हते आणि त्याला वाकायला एका क्षणाचा अवधी मिळाला. काही किलोमीटर खोलीवर खडक गरम असतो, सर्व बाजूंनी आवळलेला असतो आणि त्याच्या हाताशी लाखो वर्षे असतात.

दुसरी गोष्ट घरीच पाहा. एक जाड वही घ्या, तिच्या पानांच्या कडेवर आडव्या, म्हणजे पानांना काटकोनात, चार-पाच रेषा पेनाने काढा आणि वही वाकवा. रेषा तिरप्या होतील. पाने स्वतः फारशी ताणली जात नाहीत, एकमेकांवरून घसरतात. वलीतही कडक थर मऊ थरांवरून घसरतात, आणि घसरल्याचे गुळगुळीत ओरखडे वलीच्या कण्याला काटकोनात सापडतात. भुजांवर घसरण सर्वांत जास्त आणि कण्याशी जवळजवळ शून्य असते, हेही वहीच्या रेषांवरून दिसेल. कडक थर पातळ असेल तर लहान लहान वली पडतात, जाड असेल तर मोठ्या. सुती पंचा आणि जाड घोंगडी एकाच जोराने ढकलून पाहा, म्हणजे पटेल.

पण प्रत्येक वली अशी दोन्हीकडून ढकलूनच होते असे नाही. कच्छमध्ये हबो, झुरा, कीरा असे घुमटांसारखे डोंगर मोठ्या भ्रंशाच्या कडेने रांगेत आहेत. खालचा भाग भ्रंशावर उचलला गेला आणि वरचे थर त्यावर चादरीसारखे वाकले, असे बहुतेक मानतात. काही घुमटांखाली आग्नेय खडक घुसल्याचा त्यात किती हात आहे, यावर वाद आहे. झुऱ्याच्या मध्यभागी सोनेरी चुनखडीचे जुने थर आणि बाहेर कड्यांसारखे नवे थर आहेत. उत्तरेची बाजू उभी आणि दक्षिणेची पसरट, त्यामुळे उत्तरेकडच्या कड्या अरुंद आणि दक्षिणेकडच्या रुंद दिसतात. काका, उपग्रहावरून पाहायचेच असेल तर तुमच्या चांदवडच्या डोंगराशेजारी झुऱ्याचे चित्र ठेवून पाहा. दोन्हीकडे कड्याच आहेत, पण झुऱ्याच्या कड्या समोच्च रेषांना जुमानत नाहीत.

पंचवटीचा अजित

माझा मुलगा डेहराडूनला असतो, म्हणून मसुरीला वरचेवर जाणे होते. मसुरीचा डोंगर म्हणजे अभिनती आहे असे तेथे एका माहितगाराने सांगितले, तेव्हा ते चुकले असावेत असे मला वाटले होते. हा धागा वाचून खात्री हवी आहे.

मीनाक्षी_भू

ते चुकले नव्हते. मसुरीच्या अभिनतीत क्रोल चुनखडक आणि गाभ्यात त्याहून नवे ताल थर आहेत, आणि तरीही जागा उंचावर आहे. डोंगर कोठे उरतो हे खडकाच्या कठीणपणावर आणि झिजेवर ठरते, वलीच्या आकारावर नाही. धाग्याच्या शीर्षकातल्या प्रश्नाचे उत्तर मसुरीने परस्पर देऊन टाकले म्हणा ना.

कळवणकर

उंचीची परीक्षा घेतली. तांबूस रेघेवर डोंगराभोवती चौदा ठिकाणी उंची वाचली. तेरा ठिकाणचे आकडे दहा-बारा मीटरच्या आत आहेत आणि त्या फरकाला दिशा नाही. म्हणजे थर आडवा, अपनती नाही आणि सरांच्या नियमाने निघालेली अभिनतीही नाही.

पण ईशान्येच्या कोपऱ्यात रेघ जेमतेम दोनशे मीटर अंतरात चाळीस मीटर खाली येते. हिशेबाने हा सुमारे ११ अंशांचा कल झाला. ही चूक मोजणीची वाटत नाही, तीन वेळा वाचले.

सह्यवेडा

पाहा! मी म्हणत होतोच.

मीनाक्षी_भू

थांबा थांबा. एका कोपऱ्यातला कल म्हणजे वली नव्हे, दुसरी बाजू कोठे आहे? मला दोन शक्यता दिसतात. एक म्हणजे कड्याचा मोठा तुकडा सुटून उतारावर कललेला बसला असेल. तसे असेल तर त्याच्या मागे कड्यात अर्धगोल खाच दिसेल आणि तुकड्यातला थर बहुधा डोंगराच्या दिशेला कललेला असेल. दुसरी म्हणजे तुमची रेघ तेथे संपली आणि तुम्ही नकळत खालच्या दुसऱ्या तांबड्या थरावर उतरलात. लाव्हाचे थर अनंत पसरत नाहीत, त्यांच्यामधले तांबडे थरही मध्येच विरतात. चित्रावरून यातले काय ते मला सांगता येणार नाही. जागेवर जाऊन रेघ हाताने धरून चालावे लागेल.

कळवणकर

खाच आहे असे वाटते, पण त्या बाजूला सावली पडल्यामुळे नीट दिसत नाही. पाऊस ओसरला आणि गवत वाळले की जाऊ. कल मोजायचे साधन माझ्याकडे नाही.

सह्यवेडा

साधन मी आणतो, काका. दुसरी भुजा सापडली तर भेळ तुमच्याकडून.

दिंडोरीचा बागाईतदार

आणि तेथे पाण्याचा झरा दिसला तर मला आधी फोन करा.